साठ की पासष्ट? नोंदीमागचा माग

कागद वाचून त्यातली माहिती रकान्यांत भरली की नोंद तयार होते, आणि त्याच क्षणी ती मूळ कागदापासून तुटते. कागदावर तारीख असते, सही असते, संदर्भ असतात. रकान्यात फक्त एक आकडा उरतो. तो आकडा कागदाच्या कोणत्या आवृत्तीतून आला, कोणत्या दिवशी काढला आणि काढणाऱ्याला काय सांगितले होते, या तीन गोष्टी नोंदीबरोबर टिकवून ठेवल्या तर पुढे केव्हाही नोंदीवरून कागदापर्यंत परत जाता येते. या वाटेला ऑडिट ट्रेल म्हणतात. साध्या भाषेत हा नोंदीचा माग.

मागाची गरज नेमकी कुठे पडते, हे महाराष्ट्रात २०२४ च्या जूनअखेर आलेल्या एका योजनेवरून चांगले कळते. ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ रोजी निघाला. महिलेचे वय २१ ते ६०, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत, कुटुंबाची शेतजमीन पाच एकरांपेक्षा जास्त नको, अर्जाची मुदत १ ते १५ जुलै आणि महिन्याला १५०० रुपये, अशा त्यातल्या ठळक गोष्टी होत्या. पाच दिवसांनी, ३ जुलै रोजी, दुरुस्तीचा शासन निर्णय आला. वयाची मर्यादा ६५ वर गेली, पाच एकरांची अट वगळली गेली आणि मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली.

आता समजा, एखादे माहिती केंद्र शासन निर्णय वाचून योजनांचा तक्ता तयार करते आहे. तक्त्यात योजनेचे नाव, वयाची कमाल मर्यादा, जमिनीची अट, उत्पन्नाची अट, अंतिम तारीख असे रकाने आहेत. केंद्रातल्या एकाने वयाच्या रकान्यात ६० लिहिले, दुसऱ्याने ६५. पुढे तक्ता पाहणाऱ्याला वाटते, दोघांपैकी एक चुकला. प्रत्यक्षात कोणीच चुकलेले नाही. पहिल्याच्या हातात २८ जूनचा कागद होता, दुसऱ्याच्या हातात ३ जुलैचा. चूक आहे ती इतकीच, की कोणाच्या हातात कोणता कागद होता हे तक्त्यात कुठेच लिहिलेले नाही. आणि हे न कळताच कोणी ‘दुरुस्ती’ म्हणून ६५ पुसून ६० केले, तर बरोबर नोंद चुकीची होते.

म्हणून मागातली पहिली गोष्ट कागदाची आवृत्ती. ती कशी लिहावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. बहुतेक ठिकाणी फाइलचे नाव लिहून भागवले जाते: `ladki_bahin_GR.pdf`, मग `ladki_bahin_GR_new.pdf`, मग `ladki_bahin_GR_final.pdf`. ही नावे माणसाने दिलेली असतात आणि माणूसच ती बदलतो. नवी फाइल जुन्याच नावाने जतन केली की जुनी नाहीशी होते, आणि तक्त्यातले नाव मात्र तसेच राहते. असे नाव कागदाची ओळख पटवायला फारसे उपयोगी नाही.

शासन निर्णयाची स्वतःची एक चांगली ओळख असते. त्याच्या अखेरीस, हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे, असे वाक्य असते. अठरा आकड्यांचा हा संकेतांक वर्ष, महिना आणि दिवस यांनी सुरू होतो. तक्त्यात तो लिहिला की २८ जूनचा आणि ३ जुलैचा निर्णय एकमेकांत मिसळत नाहीत. पण संकेतांक सांगतो तो निर्णय कोणता. आपल्याजवळची फाइल त्या निर्णयाची धड प्रत आहे का, हे त्यावरून कळत नाही. उतरवताना फाइल अर्धवट राहिली असेल, कोणी मधले पान गाळून पाठवले असेल, व्हॉट्सअॅपवर फिरलेली प्रत मोबाइलवर पुन्हा स्कॅन केलेली असेल. संकेतांक या सगळ्यांवर तोच दिसेल.

त्यासाठी फाइलचा हॅश काढतात. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर गणिती प्रक्रिया करून मिळणारी ठरावीक लांबीची खूण. एसएचए-२५६ ही पद्धत सर्वाधिक वापरात आहे. तिच्यातून ६४ अक्षरांची खूण मिळते, फाइल एका पानाची असो वा हजार पानांची. फाइलमधले एक चिन्ह बदलले तरी पूर्ण खूण बदलते. दोन वेगळ्या फाइलींची खूण एकसारखी येण्याची शक्यता व्यवहारात धरण्याचे कारण नाही. ती काढायला एक ओळ पुरते:

```
sha256sum GR_2024-07-03.pdf
```

या खुणेचा एक गमतीचा पण कामाचा उपयोग आहे. पूर्णपणे रिकाम्या फाइलचा एसएचए-२५६ जगात सगळीकडे एकच असतो आणि तो `e3b0c442` ने सुरू होतो. तक्त्यातल्या काही नोंदींसमोर ही सुरुवात दिसली, की त्या वेळी संकेतस्थळाने शून्य आकाराची फाइल दिली होती आणि ती न पाहताच पुढे ढकलली गेली, हे लगेच ओळखता येते. मग त्या नोंदींतली माहिती कुठून आली, हा वेगळाच आणि जास्त गंभीर प्रश्न उभा राहतो.

हॅशची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. खूण जुळली तर फाइल तीच, हे ठामपणे म्हणता येते. जुळली नाही तर मजकूर वेगळा आहे, असे मात्र म्हणता येत नाही. त्याच निर्णयाची आकाराने लहान केलेली प्रत किंवा पुन्हा स्कॅन केलेली प्रत वाचायला अक्षरशः तीच असते, पण खूण निराळी येते. त्यामुळे संकेतांक आणि हॅश दोन्ही लिहितात. एक निर्णयाची ओळख, दुसरी प्रतीची. आणि ज्या फाइलचा हॅश लिहिला ती फाइलही जपून ठेवावी लागते. फाइलच उरली नाही तर ६४ अक्षरांची खूण कशाशी ताडून पाहणार?

दुसरी गोष्ट तारीख. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण एका नोंदीभोवती किमान तीन तारखा असतात. निर्णय निघाला ती तारीख, फाइल उतरवून घेतली ती तारीख आणि तिच्यातून माहिती काढली ती तारीख. ‘दिनांक’ असा एकच रकाना ठेवला की भरणारा त्याला वाटेल ती तारीख भरतो. २८ जूनचा निर्णय कोणी ५ जुलैला वाचून तक्त्यात भरला आणि रकान्यात ५ जुलै लिहिले, तर पाहणाऱ्याला वाटते की ही दुरुस्तीनंतरची, म्हणजे ताजी माहिती आहे. खरे तर ती शिळी असते. कागदाची तारीख माहितीचे वय सांगते, प्रक्रियेची तारीख कामाचे. दोन्हींचे रकाने वेगळे हवेत.

प्रक्रियेच्या तारखेत वेळ आणि वेळेचा विभागही लिहिणे बरे. पुष्कळ संगणक सेवा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. ४ जुलैच्या पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी केलेले काम अशा सेवेच्या नोंदवहीत ३ जुलैचे, रात्री आठ चाळीसचे म्हणून उमटते. नुसती तारीख ठेवली तर एक दिवस इकडचा तिकडे होतो. आयएसओ ८६०१ या प्रमाणात वेळ लिहिली की हा घोळ राहत नाही:

```
2024-07-04T02:10:00+05:30
2024-07-03T20:40:00Z
```

या दोन्ही ओळी एकाच क्षणाच्या आहेत. शेवटचे `+05:30` किंवा `Z` गाळले, तर त्या दोन वेगळ्या दिवसांच्या वाटतील. शासन निर्णय पाच दिवसांत बदलतो तेव्हा एका दिवसाची चूक लहान म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट सूचना. आवृत्ती आणि तारीख लिहिण्याची सवय बऱ्याच कार्यालयांना असते. सूचना मात्र जवळपास कोणीच जपत नाही. माहिती काढणारा माणूस असो वा संगणकावरचे भाषा-प्रारूप, त्याला काय शोध आणि कसे लिही हे कोणीतरी सांगितलेले असते. माणसाला ते बहुधा तोंडी सांगतात, प्रारूपाला लिहून. दोन्हीकडे सूचनेतला एक शब्द बदलला की त्याच कागदातून निराळी नोंद निघते. आणि ही चूक नुसता कागद पुन्हा पाहून सापडत नाही, कारण कागद तर तोच असतो.

वरच्या तक्त्याचेच उदाहरण पुढे नेऊ. पहिली सूचना, तिला `v1` म्हणू, अशी होती: ‘निर्णयात जमिनीची मर्यादा दिली असेल तर ती लिहा, नसेल तर रकाना रिकामा ठेवा.’ २८ जूनच्या निर्णयावर ही सूचना ठीक चालली. रकान्यात पाच एकर आले. ३ जुलैच्या निर्णयावर काम करणाऱ्याने रकाना रिकामा ठेवला, कारण आता मर्यादा नाही. सूचनेप्रमाणे हे बरोबरच.

अडचण पुढे आली. दुरुस्तीच्या शासन निर्णयात मूळ निर्णयातल्या न बदललेल्या सगळ्या अटी पुन्हा लिहिलेल्या असतीलच असे नाही. पुष्कळदा फक्त बदल लिहितात आणि बाकीच्या अटी कायम राहतील असे म्हणतात. त्यामुळे दुसऱ्या कोणत्यातरी योजनेच्या दुरुस्तीत जमिनीचा उल्लेखच नव्हता, अट तशीच लागू होती, आणि त्या नोंदीतही रकाना रिकामा राहिला. दोन रिकामे रकाने, पण अर्थ उलट. एकात अट काढून टाकलेली, दुसऱ्यात अट जिवंत पण त्या कागदात न उल्लेखलेली. तक्ता पाहून अर्जदाराला उत्तर देणारा माणूस दोघांनाही ‘जमिनीची अट नाही’ असेच सांगणार.

चूक ध्यानात आल्यावर सूचना बदलली. `v2` मध्ये तीन उत्तरे ठरवून दिली: मर्यादा दिली असेल तर आकडा, ती वगळल्याचे स्पष्ट लिहिले असेल तर ‘वगळली’, उल्लेख नसेल तर ‘उल्लेख नाही’. रिकामा रकाना चालणार नाही. त्याशिवाय प्रत्येक उत्तरासोबत ते ज्या पानावर आणि ज्या वाक्यात सापडले ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, असेही जोडले.

उत्पन्नाच्या अटीतही असाच सापळा होता. ३ जुलैच्या दुरुस्तीत पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. सूट दाखल्याची होती. अडीच लाखांची मर्यादा कायम होती. सूचना जर ‘उत्पन्नाची अट शिथिल झाली का?’ अशी असेल तर घाईत वाचणारा ‘हो’ लिहितो. ‘उत्पन्नाची कमाल मर्यादा किती?’ आणि ‘मर्यादेचा पुरावा म्हणून कोणता कागद चालतो?’ असे दोन प्रश्न केले की उत्तरे आपोआप वेगळी होतात. अशा ठिकाणी चूक वाचणाऱ्याची असतेच असे नाही. पुष्कळदा ती प्रश्न लिहिणाऱ्याची असते, आणि प्रश्नच जपून ठेवला नसेल तर नाहक वाचणाऱ्याच्या माथी बसते.

आता मागाचा उपयोग दिसतो. सूचना `v2` झाली त्या दिवशी तक्त्यात शेकडो नोंदी असतील. त्या सगळ्या पुन्हा करायच्या का? प्रत्येक नोंदीसमोर सूचनेची आवृत्ती लिहिली असेल तर नेमक्या संशयित नोंदी एका प्रश्नात बाजूला काढता येतात:

```sql
SELECT record_id, doc_code
FROM records
WHERE instr_version = 'v1'
  AND land_limit IS NULL;
```

म्हणजे `v1` सूचनेवर झालेल्या आणि जमिनीचा रकाना रिकामा असलेल्या नोंदी तेवढ्या द्या. `v1` वर झालेल्या पण जमिनीचा आकडा असलेल्या नोंदींना या कारणासाठी हात लावावा लागत नाही, `v2` च्या नोंदींना तर नाहीच. आवृत्ती लिहिलेली नसेल, तर सगळा तक्ता पहिल्यापासून वाचणे किंवा चुकीसकट वापरत राहणे, असे दोनच मार्ग उरतात. व्यवहारात दुसरा निवडला जातो, हे सांगायला नको.

सूचनेची आवृत्ती म्हणून `v1`, `v2` लिहिले तरी एक फट राहते. कोणी `v2` च्या फाइलमध्ये ‘फक्त एक शब्द’ बदलतो आणि क्रमांक तोच ठेवतो. त्यानंतर `v2` या एका नावाखाली दोन सूचना नांदतात. कागदासाठी वापरलेला उपाय इथेही चालतो: सूचनेच्या फाइलचाही हॅश लिहायचा. गिटसारखी साधने वापरणाऱ्यांना हे आयते मिळते, कारण तिथे प्रत्येक बदलाला स्वतःची खूण असते आणि जुना मजकूर केव्हाही परत काढता येतो. गिट नसेल तर सूचना एका साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवावी, बदल झाला की नवी फाइल करावी, जुनी पुसू नये. तोंडी सूचना मागात बसत नाहीत. ‘मी सांगितले होते ना’ याचा हॅश निघत नाही.

सूचनेत काय काय धरायचे, यावर थोडा विचार लागतो. नुसता प्रश्न पुरत नाही. रकान्यांची यादी आणि कोणती उत्तरे चालतील हे सूचनेचाच भाग आहे. काम भाषा-प्रारूपाकडून करून घेतले असेल तर प्रारूपाचे नाव, त्याची आवृत्ती आणि ज्या मांडणीवर ते चालवले ती मांडणीही लिहावी लागते, कारण तीच सूचना दोन प्रारूपांना दिली तर उत्तरे वेगळी येऊ शकतात. इतकेच काय, एकाच प्रारूपाला दोनदा दिली तरी कधीकधी वेगळी येतात. म्हणून प्रारूपाने दिलेले कच्चे उत्तरही जसेच्या तसे ठेवतात. माग असला म्हणजे तीच नोंद हुबेहूब पुन्हा तयार होईलच, असे मानू नये. त्या दिवशी काय घडले होते एवढे मात्र दाखवता येते.

स्कॅन केलेल्या कागदांत आणखी एक टप्पा असतो, तो अक्षर-ओळखीचा. जुन्या मराठी दस्तऐवजांत ही कायमची डोकेदुखी आहे. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइली पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतात, पण मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होतो. मग पान चित्र समजून टेसरॅक्टसारख्या साधनाने अक्षरे ओळखावी लागतात. फिकट छपाईत देवनागरी १ आणि ९ मध्ये किंवा ५ आणि ६ मध्ये गल्लत होऊ शकते. ६५ चे ६६ झाले तर कोणाच्या नजरेत भरणार? त्या साधनाचे नाव आणि आवृत्ती मागात असेल तर चूक वाचण्याच्या टप्प्यावर झाली की अर्थ लावण्याच्या, हे वेगळे करता येते.

हे सगळे प्रत्येक नोंदीसमोर पुन्हा पुन्हा लिहिले तर तक्ता फुगतो आणि भरणारे कंटाळतात. त्याला सोपा तोडगा आहे. एका बैठकीत, एकाच सूचनेवर, एकाच साधनाने झालेल्या कामाला ‘फेरी’ म्हणावे आणि फेरीचा वेगळा तक्ता ठेवावा. सूचनेचा हॅश, साधनाची आवृत्ती, काम करणाऱ्याचे नाव हे सगळे फेरीच्या तक्त्यात एकदाच. नोंदीसमोर फेरीचा क्रमांक, कागदाचा हॅश, प्रक्रियेची वेळ आणि पान एवढेच. उदाहरणातली नोंद अशी दिसेल:

```json
{
  "record_id": "0412-r2",
  "replaces": "0412-r1",
  "age_max": 65,
  "land_limit": "वगळली",
  "doc_date": "2024-07-03",
  "doc_sha256": "...",
  "processed_at": "2024-07-19T11:32:00+05:30",
  "run_id": "run-17"
}
```

यातली `replaces` ही ओळ महत्त्वाची. `0412-r1` ही `v1` सूचनेवर झालेली, रिकाम्या रकान्याची नोंद. ती पुसलेली नाही. नवी नोंद तिच्या जागी आली आहे आणि आपण कोणाच्या जागी आलो हे सांगते आहे. ११ जुलैला कोणी अर्जदाराला चुकीचे उत्तर दिले असेल, तर त्या दिवशी तक्त्यात काय दिसत होते हे `r1` वरूनच कळणार. ती पुसली तर उत्तर देणारा खोटा ठरतो.

जमिनीचे कागद पाहिलेल्यांना ही रीत नवी वाटू नये. सातबाऱ्यावर नाव बदलते तेव्हा जुने नाव खोडून गायब करत नाहीत. ते कंसात जाते, नवे नाव येते आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही उघडली की बदल केव्हा, कशाच्या आधारावर आणि कोणाच्या मंजुरीने झाला ते मिळते. सातबारा म्हणजे तक्ता आणि फेरफार नोंदवही म्हणजे त्याचा माग. औषध कारखान्यांत हीच गोष्ट कायद्याने बांधलेली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा १९९७ पासून लागू असलेला नियम सांगतो, की संगणकावरच्या नोंदींना वेळेचा शिक्का असलेला माग हवा आणि बदलामुळे आधीची नोंद झाकली जाता कामा नये. अमेरिकेला औषधे पाठवणाऱ्या महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कारखान्यांनाही तो पाळावा लागतो.

माग ठेवला आहे असे सांगितले जाते तेव्हा तो खरा आहे का, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. शेकडो नोंदींची प्रक्रियेची वेळ सेकंदापर्यंत एकच असेल तर बहुधा तो रकाना नंतर एका झटक्यात भरलेला असतो. प्रक्रियेची तारीख कागदाच्या तारखेच्या आधीची असेल तर दोन्हींपैकी एक नक्की चुकली आहे. आवृत्तीच्या रकान्यात ‘नवीन’, ‘ताजी’ किंवा ‘फायनल’ असा शब्द असेल तर ती आवृत्ती नव्हेच, कारण उद्या दुसरी कोणतीतरी फाइल ताजी होईल आणि हा शब्द तसाच राहील. एकाच सूचना-क्रमांकासमोर दोन वेगळे हॅश दिसले तर कोणीतरी मुकाट्याने सूचना बदलली आहे. सर्वांत साधी परीक्षा मात्र हातानेच करावी. तक्त्यातल्या कोणत्याही पाच नोंदी उचलाव्यात, मागावरून त्यांची फाइल उघडावी, लिहिलेल्या पानावर जावे आणि तिथे तो आकडा सापडतो का ते पाहावे. पाचपैकी एकाची जरी फाइल उघडता आली नाही, तरी बाकीच्यांवर भरवसा ठेवण्याआधी थांबणे शहाणपणाचे.

मागामुळे नोंद बरोबर ठरत नाही, हेही स्पष्ट असावे. काळजीपूर्वक लिहिलेला माग चुकीच्या नोंदीमागेही असू शकतो. चुकीचा कागद, चुकीची सूचना, सगळे नीट नोंदवलेले. माग फक्त एवढे करतो, की चूक कोणत्या टप्प्यावर शिरली ते दाखवतो आणि त्याच टप्प्यातून गेलेल्या बाकीच्या नोंदी शोधून देतो. तक्ता कालबाह्य झाला आहे, हेही तो आपण होऊन सांगत नाही. ३ जुलैच्या निर्णयातून काढलेली ३१ ऑगस्ट ही मुदत माग तपासला तर सर्व बाजूंनी बरोबर ठरते. हॅश जुळतो, पान जुळते, सूचना जुळते. पण पुढे अर्जांची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढवली गेली, आणि ते कळायला तिसरा कागद शोधून वाचावाच लागतो.